धागा: हिशोबाने 40 टन झेलणारा रॉड 13 टनांतच वाकला. माउंटिंगचं काही चुकतंय का?

ओंकार_बेलर
आडव्या बेलिंग प्रेसचा मुख्य सिलिंडर आहे. बोअर 100, रॉड 56, स्ट्रोक 1600, ट्यूबचा बाहेरचा व्यास 120. मागे क्लेव्हिस, पुढे रॉडच्या टोकाला आय-एंड आणि तो पिनने प्लॅटनला जोडलेला. प्लॅटन पेटीतल्या पट्ट्यांवर सरकतो, म्हणजे पुढचं टोक गाइडेड आहे. रिलीफ 160 बारला सेट आहे, त्यामुळे ढकलण्याचा जोर साधारण 12.8 टन.

दोन्ही टोकं पिनची म्हणून ऑयलरच्या सूत्रात गुणांक 1 धरला आणि लांबी म्हणून स्ट्रोक 1600 टाकला. उत्तर 39.8 टन आलं. म्हणजे तिपटीहून जास्त सुरक्षितता. तरीही रॉड वाकला. दोन वर्षं चांगला चालला, गेल्या महिन्यात वायपरखालून तेल गळायला लागलं, खोलून पाहिला तर बाक. हिशोब कुठे चुकला?

शिवा_रिपेअर
मटेरियल कुठलं आहे? सीके 45 असेल तर हेच होणार. ईएन 19 चा रॉड टाका, इंडक्शन हार्ड करून वर हार्ड क्रोम. विषय संपला.

देशमुखकाका
ओंकार, तू दोन वेगवेगळ्या पद्धतींची सरमिसळ केली आहेस. ही चूक फार जण करतात.

पुस्तकातला गुणांक 1 हा पिनपासून पिनपर्यंतच्या पूर्ण लांबीवर लागतो. सिलिंडर कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये दिलेला असतो तो स्ट्रोक फॅक्टर, आणि तो फक्त स्ट्रोकवर लागतो. पुढचं टोक पिनचं आणि गाइडेड असेल तर मागच्या क्लेव्हिसला तो 2 असतो. कारण सरळ आहे. सिलिंडर पूर्ण उघडला की मागच्या पिनपासून पुढच्या पिनपर्यंत एक स्ट्रोक ट्यूबचा आणि एक स्ट्रोक रॉडचा, वर ग्लँड, पिस्टन, आय यांची जाडी. तू गुणांक पुस्तकातला घेतलास आणि लांबी कॅटलॉगमधली. लांबी निम्म्याहून कमी धरली गेली, आणि लांबीचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर पाचपट फुगलं.

पूर्ण उघडल्यावर पिन ते पिन किती भरतं ते मोजून सांग.

ओंकार_बेलर
काका, आत्ताच मोजलं. 3550. त्यात मागच्या पिनपासून ग्लँडच्या तोंडापर्यंत 1850 आणि तिथून पुढच्या पिनपर्यंत 1700.

हीच लांबी टाकली तर 8.1 टनच येतात! मग तर पहिल्याच दिवशी वाकायला हवा होता. दोन वर्षं कसा चालला?

ट्रॅक्टर_ट्रॉली_बारामती
माझ्या ट्रॉलीचा टेलिस्कोपिक जॅक पूर्ण वर गेला की थोडा हलतो. तोही वाकेल का? भार साधारण 8 टनांचा असतो.

अनुराधा_म
ओंकार, 8.1 टन हा आकडा 3550 मिमी लांबीचा अखंड 56 चा गज धरून आला आहे. तुझ्याकडे तसा गज नाही. अर्ध्याहून जास्त लांबी 120 च्या ट्यूबची आहे आणि ती रॉडपेक्षा जवळजवळ 11 पट ताठ आहे. म्हणून खरा आकडा 8.1 च्या वर असतो. आयएसओ/टीएस 13725 मध्येही ट्यूब आणि रॉड हे दोन वेगळे तुकडे धरूनच बकलिंगचा भार काढतात. दोन्ही टोकं पिनची असतील तर अट इतकीच:

```
tan(k1*L1)/k1 + tan(k2*L2)/k2 = 0
k = sqrt(F/(E*I))
L1 = 1850, I1 = 5270000   (ट्यूब)
L2 = 1700, I2 = 482750    (रॉड)
```

F वरखाली करत डावी बाजू शून्यावर आणायची. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. तुझ्या सिलिंडरला उत्तर येतं 13.7 टन. तुझा जोर 12.8 टन. म्हणजे सुरक्षितता 3 नव्हती, जेमतेम 1.07 होती.

आता मला एक सांग. रिलीफ सुरुवातीपासून 160 वरच होता का? आणि बाक नक्की कुठे आहे? ग्लँडच्या तोंडाशी की पुढे? खाली की बाजूला?

ओंकार_बेलर
ताई, रिलीफ आधी 120 वर होता. गाठी सैल येतात म्हणून दीड-दोन महिन्यांपूर्वी 160 केला.

रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला. एका फेऱ्यात काटा 9 मिमी फिरतो. सगळ्यात जास्त बाक ग्लँडच्या तोंडापासून साधारण 340 मिमी पुढे (रॉड पूर्ण बाहेर असताना ग्लँडशी खूण केली होती). बाक खालच्या बाजूला आहे.

शिवा_रिपेअर
9 मिमी म्हणजे फार नाही. प्रेसखाली धरून सरळ होतो.

अनुराधा_म
काटा 9 फिरला म्हणजे बाक साडेचार मिमी, डायल दुप्पट दाखवतो. पण माझं लक्ष त्या 340 वर आहे.

वरच्या समीकरणातून रॉडवर सगळ्यात जास्त मोड कुठे येतो तेही निघतं. तुझ्या मापांना ती जागा पुढच्या पिनपासून साधारण 1365 मिमीवर, म्हणजे ग्लँडच्या पुढे 335 च्या आसपास पडते. तुझा बाक बरोबर तिथेच आहे. रॉड बकलिंगनेच गेला आहे. प्लॅटन तिरका ओढत असता, म्हणजे बाजूचा रेटा असता, तर बाक ग्लँडच्या तोंडाला चिकटून दिसला असता आणि बुश एका अंगाला खाल्लेला असता. नवा सिलिंडर मागवण्याआधी ही जागा नेहमी मोजून ठेवावी, नाहीतर रोग एक आणि औषध दुसरंच होतं.

आता दोन वर्षं का चालला ते. कुठलाही आडवा सिलिंडर पूर्ण सरळ नसतो. इतक्या लांबीला स्वतःच्या वजनानेच दोन-तीन मिमी झोळ येतो, वर बुशची ढिलाई. ढकलायला लागलं की हा झोळ वाढतो, आणि किती वाढतो ते जोर बकलिंगच्या भाराच्या किती जवळ गेला यावर ठरतं:

```
वाढ = 1 / (1 - F/Fcr)
```

120 बारला जोर 9.6 टन होता. वाढ साधारण 3.4 पट. 3 मिमीचा झोळ 10 मिमी झाला, त्याने रॉडमध्ये एकूण ताण 100 मेगापास्कलच्या आतच राहिला. कुणाच्या नजरेलाही आलं नसेल. 160 बारला तीच वाढ 16 पट. 3 मिमीचे 48 मिमी झाले आणि ताण 400 च्या घरात गेला. साध्या सीके 45 ला तो पेलत नाही, रॉड कायमचा वाकला. दाब फक्त एक तृतीयांश वाढवला, झोळ मात्र जवळजवळ पाचपट झाला. आणि बाक खालीच का, तेही यातूनच कळतं. वजनाचा झोळ खालीच असतो.

ओंकार_बेलर
बापरे. म्हणजे रिलीफचा तो एक फेरा महागात पडला.

देशमुखकाका
अनुराधाताईंनी अगदी नेमकं मांडलंय. आम्ही झोळ डोळ्याने बघायचो. रॉडच्या वर पिन ते पिन दोरी ताणायची आणि दाब हळूहळू चढवायचा. दोरी आणि रॉड यांतली फट सुरुवातीला सावकाश वाढते. 10 बार चढवल्यावर ती एकदम दुप्पट झाली की तिथेच थांबायचं.

निखिल_सिम्युलेशन
मला एक पटत नाही. मागे क्लेव्हिस असताना ढकलताना ट्यूबच्या भिंतीत दाबाचा भार नसतोच. तेल मागच्या झाकणावर रेटतं आणि तो रेटा थेट मागच्या पिनला जातो. भिंतीवर उभा भार शून्याच्या आसपास. मग ट्यूब स्तंभ म्हणून धरायचीच कशाला? बकलिंग फक्त रॉडचं, लांबी 1700.

अनुराधा_म
निखिल, भिंतीबद्दल तुझं बरोबर आहे, पुढचा निष्कर्ष मात्र चुकतोय. भार ट्यूबमधूनच जातो, फक्त पोलादातून नाही, तेलातून जातो. आतलं तेल हा 12.8 टनांनी दाबलेला खांब आहे आणि त्याला स्वतःचा ताठपणा नाही. ट्यूब जराशी वाकली की तेल तिला बाहेरच्या अंगाला ढकलतं. तेलाऐवजी आत पोलादाचा दांडा दाबला असता तर वाकवणारा परिणाम जितका झाला असता तितकाच इथे होतो. म्हणून स्तंभाचा भार मोजताना भिंतीचा आणि तेलाचा मिळून धरायचा.

आणि माउंटिंगने सगळं का बदलतं याचं उत्तरही इथेच आहे. समजा ट्रुनियन ग्लँडजवळ, ट्यूबच्या पुढच्या टोकाला आहे. तेल मागच्या झाकणाला मागे रेटतं. मागे पिन नाही, म्हणून झाकण भिंतीला ओढतं आणि भिंत ट्रुनियनला. भिंतीत 12.8 टन ओढ, तेलात 12.8 टन दाब, बेरीज शून्य. ट्रुनियनच्या मागची सगळी ट्यूब बकलिंगच्या हिशोबातून बाहेर पडते. स्तंभ उरतो तो फक्त ट्रुनियनपासून पुढच्या पिनपर्यंत.

ओंकारच्या मापांना ते अंतर साधारण 1800 धरू. तोच 56 चा रॉड, तेच 160 बार. बकलिंगचा भार 13.7 वरून 31 टनांवर जातो.

निखिल_सिम्युलेशन
समजलं. माझ्या मॉडेलमध्ये मी दाब फक्त झाकणावर आणि पिस्टनवर लावला होता, ट्यूबच्या आतल्या पृष्ठभागावर लावलाच नव्हता. म्हणून आकडा मोठा येत होता. आतून दाब लावून, आणि वाकल्यावर दाबाची दिशा पृष्ठभागाबरोबर फिरेल असं करून परत चालवतो.

शिवा_रिपेअर
ठीक आहे, पण ईएन 19 टाकला असता तर 400 चा ताण त्याने पेलला असता की.

अनुराधा_म
160 वर कदाचित पेलला असता, हे मान्य. पण 13.7 टन हा आकडा त्याने हलत नाही. तो पोलादाच्या ताठपणावर ठरतो, आणि सीके 45 असो की ईएन 19, ताठपणा सारखाच, 2.1 लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. इंडक्शन हार्डनिंगने आणि क्रोमने पृष्ठभाग कडक होतो, रॉड ताठ होत नाही. पुढच्या वेळी कुणी रिलीफ 175 केला की जोर 13.7 च्या पार जाईल आणि ईएन 19 ही वाकेल. बारीक आणि लांब रॉडला मजबुती व्यासाने मिळते, आणि ती व्यासाच्या चौथ्या घाताने. 56 चा 70 केला की ताठपणा 2.4 पट.

आणि तो रॉड प्रेसखाली सरळ करून परत बसवू नका. साडेचार मिमी उलटा मोडताना क्रोमला केसासारख्या भेगा पडतात, त्या सील कापतात. शिवाय उरलेला अर्धा मिमी बाक हा पुढच्या झोळात भरच घालतो.

शिवा_रिपेअर
सरळ करून वर्षानुवर्षं चाललेले रॉड मी दाखवू शकतो. ग्राइंडिंग करून परत क्रोम मारला तर भेगेचा प्रश्नही राहत नाही. लहान स्ट्रोकला हे चालतं. इथे लांबी जास्त आहे म्हणून तुमचं ऐकतो.

देशमुखकाका
स्टॉप ट्यूबबद्दल कुणी बोललं नाही. पिस्टन आणि ग्लँडच्या मध्ये 100-150 मिमीचा स्पेसर टाकला की पूर्ण उघडल्यावरही पिस्टन ग्लँडपासून लांब राहतो आणि रॉडला आधार चांगला मिळतो. लांब स्ट्रोकला कॅटलॉग तो सुचवतातच.

अनुराधा_म
काका, स्टॉप ट्यूब चांगलीच, पण तिचं काम वेगळं. पिस्टन आणि बुश यांत आता 150 चं अंतर असेल आणि तिथे एक दशांश मिमी ढिलाई असेल, तर 1700 लांब रॉडच्या टोकाला ती 1 मिमीहून जास्त होते. अंतर 300 केलं की ती निम्मी होते आणि बुशवरचा रेटाही घटतो. म्हणजे सुरुवातीचा झोळ कमी होतो. पण स्ट्रोक तेवढाच ठेवायचा तर ट्यूब 150 ने लांब करावी लागते, पिन ते पिन लांबी वाढते, आणि 13.7 हा आकडा उलट थोडा खालीच येतो. 1.07 वर उभ्या असलेल्या सिलिंडरला ती वाचवणार नाही.

देशमुखकाका
मान्य. तरी मी ती टाकीनच, बुशचं आयुष्य तिने नक्की वाढतं.

ट्रॅक्टर_ट्रॉली_बारामती
माझ्या जॅकचं कुणी सांगेल का?

देशमुखकाका
तुमचं गणित उलटं आहे. बेलरमध्ये सगळ्यात जास्त जोर शेवटी लागतो, गाठ आवळताना, आणि तेव्हाच रॉड पूर्ण बाहेर असतो. ट्रॉलीत जोर सुरुवातीला, जॅक मिटलेला असताना लागतो. ट्रॉली वर गेली की भार बिजागरीकडे सरकतो आणि जॅकवरचा कमी होतो. पूर्ण वर गेल्यावर बकलिंगपेक्षा भीती असते ती जमीन तिरकी असण्याची. एक चाक खाली असलं की बाजूचा रेटा येतो आणि बारीक टप्पा वाकतो. सपाट जागी उभी करूनही हलत असेल तर टप्प्यांमधले गाइड रिंग झिजलेत.

ओंकार_बेलर
आता मूळ प्रश्नाकडे. माझ्यापुढे तीन वाटा दिसतात: 70 चा रॉड, पुढचा ट्रुनियन, किंवा पुढचा फ्लँज. प्रेसची पुढची चौकट 40 मिमी प्लेटची आहे, ग्लँड तिच्यापासून जेमतेम 60 मिमी मागे येतो. फ्लँज सगळ्यात सोपा वाटतो.

अनुराधा_म
70 चा रॉड: क्लेव्हिस तसाच ठेवून भार 31 टनांवर जातो, म्हणजे ट्रुनियनइतकाच. 100 च्या बोअरला 70 हा ठरलेल्या मापातला रॉड आहे, त्यामुळे ग्लँड आणि सील सहज मिळतील. फक्त परत येतानाचा जोर सुमारे पाव हिश्श्याने घटेल आणि मागच्या पोर्टमधून पंपाच्या जवळजवळ दुप्पट तेल बाहेर पडेल. व्हॉल्व आणि परतीची लाइन ते घेईल का बघ, नाहीतर तेल तापेल.

ट्रुनियन: आत्ताच्या ट्यूबवर वेल्डिंग करून चिकटवू नकोस. बोअर तिथे आकसतो आणि पिस्टनचं सील प्रत्येक फेरीत तिथे घासतं. रिंग आधी वेल्ड करून मग होनिंग केलेली नवी ट्यूब घे. बेअरिंगचे ठोकळे ट्यूबला शक्य तितके चिकटून ठेव, नाहीतर ट्रुनियनच्या पिना मोडाखाली येतात.

फ्लँज: आकडे सगळ्यात सुंदर. पुढचं टोक पिनचं आणि गाइडेड, म्हणून कॅटलॉगप्रमाणे 0.7 धरला तर 70 टनांच्या पार. पण मी 0.7 धरत नाही. ग्लँड रॉडला शिकंज्यासारखा घट्ट धरत नाही, त्यात ढिलाई असते. मी 1 धरते आणि 35 टन मानते. तेही तुला पुरेत.

फ्लँज कुठल्या बाजूने बसवणार ते मात्र महत्त्वाचं. ढकलताना बॉडी मागे जाते. फ्लँज प्लेटच्या मागून लावलास तर सगळे 12.8 टन बोल्टवर ओढ म्हणून येतील, दर फेरीला. प्लेटच्या पुढून, ट्यूब भोकातून मागे ओवून बसवलास तर फ्लँज प्लेटवर टेकतो आणि बोल्ट फक्त परतीचा भार घेतात. त्यासाठी भोक 122 चं आणि पुढच्या पोर्टच्या बॉसला जायला खाच लागेल.

निखिल_सिम्युलेशन
0.7 ऐवजी 1 धरणं जरा जास्तच सावध नाही का? एक दशांश ढिलाई पहिल्या मिमीतच संपते, त्यानंतर ग्लँड धरतोच.

अनुराधा_म
ढिलाई संपल्यावर धरतो हे खरं, पण तो मोड बुशच्या कडेवर येतो आणि कड झिजते. नव्या सिलिंडरला 0.7 च्या जवळ असेल, दोन वर्षांनी नाही. खरा आकडा मधे कुठेतरी आहे.

शिवा_रिपेअर
फ्लँजमध्ये अजून एक. क्लेव्हिस असताना प्लॅटन 2-3 मिमी वरखाली झाला तरी सिलिंडर डुलून सामावून घेतो. फ्लँजला ते चालत नाही. प्लॅटनच्या खालच्या पट्ट्या झिजल्या की सगळा रेटा बुशवर. बेलरच्या पट्ट्या झिजतातच, हे माझ्या हाताखालून रोज जातं.

अनुराधा_म
शिवाभाऊ, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. ओंकार, पट्ट्या दर किती महिन्यांनी बदलता?

ओंकार_बेलर
आठ-नऊ महिन्यांनी, तेव्हा 4 मिमीपर्यंत खाल्लेल्या असतात. म्हणजे फ्लँज बाद. ट्रुनियनला बाजूला जागा नाही, चौकटीचे खांब आडवे येतात.

70 च्या रॉडची चौकशी करतो. तोवर 56 चा नवा सरळ रॉड टाकून रिलीफ परत 120 वर आणला आहे आणि लॉकनट लावून सील केलंय. गाठी सैल आल्या तरी चालतील. परतीच्या लाइनचा व्यास बघून उद्या आकडे टाकतो. पंप 60 लिटरचा आहे, म्हणजे परतताना साधारण 118 लिटर धरायचे ना?

अनुराधा_म
हो, 118. दिशा व्हॉल्व कुठल्या मापाचा आहे तेही लिही. सहा नंबरचा असेल तर तो आधी बदलावा लागेल.